एकाच बिघाडाचे पाच तक्रार क्रमांक

‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ हा मेसेज महिन्याभरात मला चार वेळा आला. एकदाही घरातलं नेटवर्क सुधारलेलं नव्हतं. चौथ्यांदा तो आला तेव्हा मी आईला फोन लावत होते आणि अकराव्या सेकंदाला कॉल तुटला होता. हे लिहिताना अजूनही राग येतो, म्हणून आधी या मेसेजबद्दलच लिहिते. त्याच्यामुळेच माझं वरिष्ठ तक्रार निवारण अधिकाऱ्याकडचं प्रकरण जवळजवळ सुरू होण्याआधीच अडकलं होतं.

पहिली तक्रार मी कस्टमर केअरला फोन करून नोंदवली. फोन बंद करून चालू करा, सेटिंग बदला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा, असं सांगितलं गेलं. मी सगळं केलं. सिम बदलून बघण्याचा सल्ला खरंच कामाचा होता. दुसऱ्या फोनमध्येही तोच प्रकार दिसला, म्हणजे दोष हँडसेटमध्ये नाही एवढं नक्की झालं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली. मी पुन्हा फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, जुनी तक्रार बंद झाली आहे, मी नवीन नोंदवून देते.” मी “बरं” म्हणाले.

इथेच माझी चूक झाली. नवीन तक्रार म्हणजे नवीन क्रमांक, आणि नवीन क्रमांक म्हणजे दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. कंपनीच्या नोंदीत माझा महिनाभराचा एक प्रश्न नव्हताच. तीन-चार दिवसांच्या, व्यवस्थित सोडवलेल्या चार तक्रारी होत्या आणि पाचवी कालच आलेली होती. म्हणून सांगते, तक्रार बंद केल्याचा मेसेज आला की “नवीन नोंदवा” म्हणू नका. “हीच पुन्हा उघडा, प्रश्न सुटलेला नाही” असं म्हणा. ते नाही म्हणाले, तर नवीन तक्रारीच्या मजकुरात पहिलाच शब्द जुना क्रमांक असू द्या, आणि तो तसा लिहिला आहे हे पलीकडून वाचून घ्या.

चौतिसाव्या दिवशी मी वरच्या अधिकाऱ्याकडे जायचं ठरवलं. त्यांचा पत्ता कस्टमर केअरवर कोणी देत नव्हतं, तो वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडला. फॉर्ममध्ये पहिल्या पायरीचा तक्रार क्रमांक सक्तीचा होता. मी ताजा, पाचवा क्रमांक टाकला. फॉर्मने सांगितलं, या तक्रारीची मुदत अजून संपलेली नाही. मग चौथा टाकला. ही तक्रार निकाली निघाली आहे, नवीन तक्रार नोंदवा. दोन तास मी त्या दोन वाक्यांमध्ये अडकले होते. तक्रार उघडी असेल तर थांबा, बंद असेल तर प्रश्नच नाही. मग वर जायचं कुणी आणि कधी?

फोनवर विचारलं तर सल्ला मिळाला की पाचव्या तक्रारीची मुदत संपू द्या. तेव्हा मी हट्टाला पेटले. ती मुदत संपण्याआधी ‘निकाली’चा पाचवा मेसेज येणार हे मला ठाऊक होतं.

शेवटी मार्ग सापडला. फॉर्ममध्ये ‘तक्रारीच्या निकालाबद्दल असमाधान’ असा एक पर्याय होता. मी ‘तक्रार प्रलंबित’ निवडत राहिले होते. असमाधानाचा पर्याय घेऊन मी पहिला, सर्वांत जुना क्रमांक टाकला आणि फॉर्म पुढे गेला. मजकुराच्या पहिल्या परिच्छेदात पाचही क्रमांक लिहिले, प्रत्येकासमोर नोंदवल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, आणि खाली एक वाक्य: या पाचही नोंदी एकाच न सुटलेल्या बिघाडाच्या आहेत. चारही मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. फाइल एकच चालत होती, म्हणून सगळे एका पीडीएफमध्ये घातले. पोच आली ती लगेच स्वतःला ईमेल करून ठेवली. ते मेसेज डिलीट करू नका. मी रागाच्या भरात एक करणार होते.

आता नेटवर्कचं. ‘नेटवर्क खराब आहे’ या तक्रारीला ‘आपल्या भागात नेटवर्क समाधानकारक आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं, आणि ते अगदी खोटंही नसतं. टॉवर चालू असतो, बाकीच्या लोकांना रेंज असते. टॉवरच्या देखभालीचं काम केलेल्या एका मित्राने मला सांगितलं, “दांड्या मोजू नकोस, डीबीएम लिही.” किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. डीबीएम मात्र मोजलेला आकडा असतो. तो उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमी. फोरजीवर उणे ८० ते ९० चांगला, उणे ११० च्या पलीकडे अडचणी सुरू होतात, आणि उणे १२० च्या आसपास कॉल टिकणं कठीण. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर

```
*#*#4636#*#*
```

डायल केल्यावर हा आकडा दिसतो, आयफोनवर

```
*3001#12345#*
```

डायल करून कॉलचं बटण दाबावं लागतं. काही फोनवर पहिला कोड चालत नाही. तिथे नेटवर्क मोजणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्यावं. दोन सिम असतील तर आकडा कुठल्या सिमचा आहे ते आधी बघा.

मी दहा दिवस सकाळ, दुपार, रात्र आकडा लिहिला. फोन तोच, टेबल तेच, हातात न धरता. हात आणि अंग सिग्नल अडवतं. आकडा उणे ११७ ते उणे १२१ मध्येच राहिला. दिवसभर तसाच राहिला, याला महत्त्व आहे. फक्त संध्याकाळी त्रास असता तर गर्दीचा भार म्हणता आलं असतं. तेव्हा सिग्नलचा आकडा साधारण तोच राहतो आणि वेग पडतो. माझ्याकडे सिग्नलच पोचत नव्हता.

मित्राने दुसरा आकडा बघायला सांगितला, पीसीआय. टॉवरवरचे अँटेना साधारणपणे तीन दिशांना असतात, प्रत्येक दिशा म्हणजे एक सेक्टर, आणि फोन सध्या कुठल्या सेक्टरला जोडला आहे हे पीसीआय सांगतो. माझ्या घरात तो कधी २११ दाखवायचा, कधी भलत्याच लांबच्या टॉवरचा ८७. मी जवळच्या टॉवरभोवती चालून बघितलं. एका बाजूला २१०, दुसऱ्या बाजूला २१२, माझ्या घराच्या दिशेला २११. म्हणजे आमचा सेक्टर बंद नव्हता.

मग रविवारी सकाळी मी जे केलं, त्याचा मला अभिमान आहे. नकाशावर टॉवरपासून आमच्या घराचं अंतर मोजलं, साधारण ४५० मीटर. २१२ च्या दिशेला तेवढ्याच अंतरावर, तशाच इमारतींच्या मधोमध रस्त्यावर उभं राहून आकडा घेतला: उणे ८६. आमच्या इमारतीबाहेर, २११ वर: उणे १०८. आमच्याच बाजूला टॉवरपासून दीडशे मीटरवर मात्र उणे ७८. २१२ च्या उणे ८६ आणि आमच्या उणे १०८ मधला फरक २२ डेसिबलचा. दर १० डेसिबलला शक्ती दहापट कमी होते, तेव्हा हा फरक दीडशे पटींहून जास्त आहे. घराच्या भिंती सगळ्यांच्याच सिग्नल खातात, पण हे दोन्ही आकडे घराबाहेरचे होते. भिंतींना दोष देण्याची सोय राहिली नाही.

मित्राला आकडे वाचून दाखवल्यावर तो लगेच म्हणाला, “अँटेना खाली बघतोय.” अँटेनाचा झोत किंचित खाली कललेला ठेवतात, त्याला टिल्ट म्हणतात. टॉवर ३० मीटर उंच धरला आणि कल चार अंशांचा असला तर झोताचा मध्य सुमारे ४३० मीटरवर जमिनीला टेकतो. दहा अंश झाला तर १७० मीटरवरच. जवळच्यांना भरपूर सिग्नल आणि त्यापुढे झपाट्याने घट, नेमकं माझ्या आकड्यांत दिसत होतं तसं. मी मात्र पत्रात टिल्ट बिघडला आहे असं लिहिलं नाही. ते मला बाहेरून सिद्ध करता येत नव्हतं, आणि चुकलं असतं तर त्या एका वाक्यावर सगळी तक्रार फेटाळता आली असती.

पत्र एका पानाचं केलं. क्रमांकांचा परिच्छेद, घराचे अक्षांश-रेखांश, तीन ठिकाणांचे तीन आकडे पीसीआयसह, आणि तीन मागण्या. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात या टॉवरवर काही काम झालं होतं का? २११ सेक्टरच्या अँटेनाची दिशा आणि टिल्ट ठरलेल्या आराखड्याप्रमाणे आहेत का? आणि इंजिनिअर प्रत्यक्ष येऊन मोजेल का, त्याचा अहवाल मला लेखी मिळेल का? मनस्ताप, फसवणूक, जुना ग्राहक हे शब्द पहिल्या मसुद्यात होते, ते काढले. काढताना जिवावर आलं.

पुढचं भराभर झालं. सहाव्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “पीसीआय कुठून घेतलात?” तो घरी आला, माझ्या टेबलावर त्याचा फोन ठेवला, उणे ११८ आला. दोन दिवसांनी लेखी उत्तर मिळालं: त्या टॉवरवर अँटेना बदलण्याचं काम झालं होतं, त्या वेळी २११ चा टिल्ट चुकीचा राहिला, तो दुरुस्त केला आहे. त्या रात्री माझ्या टेबलावर उणे ९७ होते. मी आईला फोन लावला, आम्ही चाळीस मिनिटं बोललो. खिडकीत जायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याच्या कार्यालयातून फोन: तक्रार बंद करायची का? मी सात दिवस मागितले. सातही दिवस तीन वेळा आकडा लिहिला, उणे ९५ ते ९९ राहिला, मग ईमेलवर होकार दिला. त्याच ईमेलमध्ये कळवलं की आधीच्या चार नोंदींसमोरचा ‘निकाली’ हा शेरा चुकीचा आहे, तो दुरुस्त करावा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहिणार आहे.

एक राहिलं. घरी वायफाय असेल तर मधल्या काळात वायफाय कॉलिंग चालू करा, कॉल तुटायचे थांबतात. मोजताना मात्र वायफाय बंद ठेवा आणि कॉल करून बघाल तोही मोबाइल नेटवर्कवरूनच जाऊ द्या. इंजिनिअर येईल तेव्हाही तसंच. नाहीतर त्याच्यासमोर लावलेला कॉल वायफायवरून छान लागेल आणि पुन्हा तोच मेसेज येईल.