आमची वाटचाल: सीएनसी लेथ भाड्याने की विकत?

भांडुपच्या आमच्या गाळ्यात दुसरा सीएनसी लेथ हवा होता. जीएसटी सोडून किंमत २० लाख. लीजवाल्याचे भाडे ५ वर्षे, दर वर्षाच्या सुरुवातीला ५ लाख, देखभाल त्यातच. एकूण भाडे २५ लाख, म्हणजे विकत घेणेच स्वस्त, असा हिशेब गाळ्यातल्या प्रत्येकाने बोटांवर केला. तो अपुरा होता, कारण त्यात कर नव्हता आणि पैसे कधी जातात तेही नव्हते.

आमची भागीदारी संस्था ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के कर भरते. बँकेचे कर्ज ११ टक्क्यांनी मिळते. व्याजावर कर वाचतो, म्हणून करोत्तर दर साधारण ७.५७ टक्के. भाड्याच्या जागी कर्जच येणार असल्याने सगळ्या रकमा याच दराने आजच्या मूल्यात आणल्या. कर्जाचा हप्ता मात्र वेगळा धरला नाही. या दराने हप्त्यांचे करोत्तर आजचे मूल्य मूळ कर्जाइतकेच येते. २० लाखही धरायचे आणि हप्तेही, म्हणजे एकच खर्च दोनदा.

भाड्याचे आजचे मूल्य २१.७२ लाख. दर वर्षी वाचणारा कर १.५६ लाख, पण तो वर्षअखेरीस हाती येतो, म्हणून त्याचे आजचे मूल्य ६.३० लाख. लीजचा निव्वळ खर्च १५.४२ लाख.

खरेदीत घसारा घटत्या शिलकीवर १५ टक्के: पहिल्या वर्षी ३ लाख, दुसऱ्या वर्षी २.५५ लाख. पाच वर्षांच्या घसाऱ्यावर वाचणाऱ्या कराचे आजचे मूल्य २.८७ लाख. देखभाल कंत्राट वर्षाला ६० हजार. कर वजा जाता त्याचा भार १.६७ लाख. पाच वर्षांनी मशीन ६ लाखांना गेले तर ते आज ४.१७ लाख. विक्रीची रक्कम घसाऱ्याच्या गटातून वजा होते, पण उरलेल्या २.८७ लाखांवर घसारा चालूच राहतो (गटात आमची इतर यंत्रे आहेत म्हणून), त्यावर वाचणाऱ्या कराचे आजचे मूल्य ४१ हजार. खरेदीचा निव्वळ खर्च १४.२२ लाख. म्हणजे १.२० लाखांनी स्वस्त.

आता यातला सगळ्यात पोकळ आकडा ते ६ लाखच. तोच बदलत गेलो, तर ३.८ लाखांना दोन्ही पारडी सारखी होतात. त्याखाली लीज बरी. म्हणून वापरलेली मशीन घेणाऱ्या दोन व्यापाऱ्यांकडून पाच वर्षे जुन्या त्याच मॉडेलचे भाव लेखी घेतले. कंट्रोलर जुना पडला की भाव कोसळतो, हे त्यांनीच सांगितले. तरीही कमी भाव ५ लाखांचा होता. खरेदी ठरली.

मशीन सप्टेंबरातच चालू केले. मार्चअखेरपर्यंत १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, आणि ४६,८०० रुपयांची करबचत पुढे ढकलली जाते.