लॅम्डा ०.९४ की ०.९९५? निफ्टीची व्होलॅटिलिटी काढताना आलेला अनुभव

मी लोअर परळला एका ब्रोकिंग फर्मच्या रिस्क टीममध्ये आहे. आमच्याकडे निफ्टीचे मंथली ऑप्शन विकणारं एक डेस्क आहे, त्यांना रोज संध्याकाळी दोन आकडे लागतात, उद्याची व्होलॅटिलिटी आणि पुढच्या महिनाभराची. आणि हे दोन्ही आकडे एक्सेलच्या एकाच कॉलममधून निघायचे, लॅम्डा, म्हणजे कालच्या अंदाजाला द्यायचं वजन, ०.९४, वर्गमूळ काढा, वर्षाचा आकडा हवा तर √२५२ ने गुणा, विषय संपला. जून २०२४ नंतर सर म्हणाले, "हे ०.९४ कुठून आलं ते कुणी सांगेल का मला? आणि महिन्याला पण तेच का चालतं?" मग ते काम माझ्या गळ्यात पडलं.

०.९४ कुठून आलं ते लगेच सापडलं. जे. पी. मॉर्गनने नव्वदच्या दशकात रिस्कमेट्रिक्स काढलं, त्यात रोजच्या डेटासाठी ०.९४ आणि मंथलीसाठी ०.९७ होतं, जगभर तेच चिकटलं. फॉर्म्युला एका ओळीचा आहे: कालचा व्हेरियन्स गुणिले लॅम्डा, अधिक आजच्या रिटर्नचा वर्ग गुणिले (१ − लॅम्डा). ०.९४ ला एखाद्या धक्क्याचं वजन साधारण ११ ट्रेडिंग दिवसांत अर्धं होतं, ०.९७ ला २३ दिवसांत, ०.९९५ ला जवळपास १३८ दिवसांत. हे ०.९९५ मी हवेतून काढलेलं नाही, एनएसईची रोजची व्होलॅटिलिटीची फाइल उघडा, कॉलमच्या नावातच `Sqrt(0.995*D*D + 0.005*C*C)` लिहिलेलं दिसेल, पूर्वी तिथे ०.९४ असायचं. (त्याच फाइलमध्ये वार्षिक आकडा √३६५ ने काढलाय, २५२ ने नाही, त्यामुळे तुमच्या शीटशी जुळला नाही तर आधी हे बघा.)

आता एक्स्चेंजला मार्जिन रोज उड्या मारत नको असतं म्हणून त्यांना ०.९९५ ठीक आहे, पण आमच्या डेस्कचं काय? ते बघायला मी ४ जून २०२४ घेतला, लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी २३,२६३.९० वरून २१,८८४.५० ला बंद, लॉग रिटर्न −६.११%. आदल्या संध्याकाळचा अंदाज सगळ्यांना मुद्दाम सारखाच दिला, रोजचा १%, म्हणजे फरक फक्त लॅम्डाचाच दिसेल. ६.११ चा वर्ग ३७.३. ०.९४ ला नवा व्हेरियन्स ०.९४ + ०.०६ × ३७.३ = ३.१८, म्हणजे रोजची व्होलॅटिलिटी १.७८%. ०.९७ ला १.४५%. आणि ०.९९५ ला फक्त १.०९%. बाजार सहा टक्के पडलाय आणि हा म्हणतोय उद्या साधारण कालसारखंच! वार्षिक धरलं तर एकीकडे २८% आणि एकीकडे १७%.

इथे माझ्या लक्षात आलं की खरी गोची लॅम्डाच्या किमतीत नाहीच. एकच नंबर दोन कामं करतोय, नवा धक्का किती जोरात ऐकायचा आणि तो किती दिवस लक्षात ठेवायचा. जोरात ऐकायचं असेल तर लवकर विसरायचंच, मध्ये काही नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचा अंदाज सपाट असतो, उद्या १.७८, महिन्याने १.७८, सहा महिन्यांनी पण १.७८. हे "विसरणं" नवीन रिटर्न आल्यावरच होतं, अंदाजात ते नसतंच.

गार्च(१,१) या मॉडेलमध्ये ही दोन कामं वेगळी होतात. ω + α × रिटर्नचा वर्ग + β × कालचा व्हेरियन्स. किती जोरात ऐकायचं ते α, आणि धक्का किती हळू विरतो ते α+β, आणि विरून जातो कुठे, तर ω/(१−α−β) या सरासरी व्हेरियन्सकडे. ω शून्य आणि α+β बरोबर १ केलं की आपलं जुनं एक्सेलचं कॉलमच परत मिळतं.

तोच ४ जून, सरासरी रोजची १%, α ०.०९. आता β दोन घेऊन बघितले. β ०.८९ (बेरीज ०.९८) आणि β ०.८६ (बेरीज ०.९५), ω त्या हिशोबाने ०.०२ आणि ०.०५. उद्याचा अंदाज दोन्हींचा तंतोतंत सारखा, २.०७%. पण २१ दिवसांची सरासरी काढली तर पहिला म्हणतो १.९२%, दुसरा १.७५%. एक ०.९४ च्या सपाट १.७८ च्या वर, दुसरा खाली! सगळीकडे ऐकलेलं असतं की गार्च लवकर सरासरीकडे येतो, पण बेरीज ०.९८ असेल तर ०.९४ च्या खाली यायलाच त्याला वीसेक ट्रेडिंग दिवस लागतात, म्हणजे अख्खी एक्स्पायरी गेली. तेव्हा महिन्याच्या अंदाजात α+β चा दुसरा दशांश बघायचा, उद्याच्या अंदाजात तो दिसतच नाही.

फिट करायला पायथनचं arch पॅकेज वापरलं, रिटर्न टक्क्यांत द्यायचे, नाहीतर ते स्केलवरून कुरकुर करतं:

```python
from arch import arch_model
ew = (r**2).ewm(alpha=0.06, adjust=False).mean().shift(1)
res = arch_model(r, vol="GARCH", p=1, q=1, dist="t").fit()
f = res.forecast(horizon=21).variance
```

`shift(1)` विसरलात तर आजचा रिटर्न आजच्याच अंदाजात घुसतो, आणि सगळे लॅम्डा, खासकरून लहान, खोटेच हुशार दिसतात.

मग कुठला लॅम्डा बरा ते कसं ठरवायचं? त्रुटीचा वर्ग (रिटर्नचा वर्ग वजा अंदाज, त्याचा वर्ग) घेतला की ४ जूनला एकट्याने साधारण १,३०० भरतात आणि शांत दिवसाला पाव, म्हणजे तो एक दिवस पाच हजार शांत दिवसांना भारी. तो दिवस काढला की रँकिंग बदलतं, आणि असं होत असेल तर त्या रँकिंगला काही अर्थ नाही. म्हणून क्यूलाइक घेतलं, लॉग अंदाज अधिक वर्ग भागिले अंदाज, त्यात तो दिवस मोठाच असतो पण बाकीच्यांना गिळत नाही, शिवाय अंदाज कमी पडला तर जास्त मार बसतो, ऑप्शन विकणाऱ्यांना तेच हवं.

गार्चचा त्रास वेगळा. डेटामध्ये २३ मार्च २०२० आला (निफ्टी एका दिवसात जवळपास १३% खाली, सर्किट लागलं होतं) की बेरीज ०.९९ कडे सरकते, आणि ω तोच ०.०२ धरला तर भागाकारात खाली ०.०२ चं ०.०१ झालं, सरासरी व्हेरियन्स थेट दुप्पट, रोजची १% ची १.४१%. त्यामुळे मी विंडो बदलून बदलून फिट करतो आणि सरासरी हलत असेल तर ती हाताने पिन करतो.

आणि निकालासारख्या तारखेचं यातल्या कुणालाच काही माहीत नसतं. ५ जूनला निफ्टी वर आला, लॉग रिटर्न +३.३%, ऑप्शनच्या किमतींतून बाजाराची अपेक्षित व्होलॅटिलिटी दाखवणारा इंडिया व्हिक्स वीसच्या खाली उतरला कारण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, पण ०.९४ ने तोही वर्ग पोटात घेतला आणि १.७८ वरून १.९१ वर गेलं. डेस्कचा हेड वैतागून म्हणाला, "अरे, बाजार शांत झालाय आणि तुझं शीट अजून घाबरलंय!" आता शीटमध्ये उद्यासाठी ०.९४, महिन्यासाठी गार्च, आणि निकाल-बजेटच्या आठवड्यात शेजारी व्हिक्स पण लावतो आणि तिथे फरक मोठा असला तर कुठला घ्यायचा ते सर ठरवतात.