दुकानाच्या कॉम्प्युटरबद्दल, सगळ्या भावंडांसाठी

आज संध्याकाळी साडेसहाला काउंटरवर गर्दी, काकूंचं बिल अर्धं झालेलं आणि स्क्रीन एकदम लॉक. घरून कुणीतरी रिमोट डेस्कटॉपने आत आलं होतं. आपल्या विंडोजवर एका वेळी एकच जण काम करू शकतो, आणि सगळ्यांचं लॉगिन एकच असल्यामुळे तो समोरच्याला न विचारताच बाहेर काढतो, म्हणून आज रात्री मी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करतेय, पासवर्ड ज्याचा त्याने ठेवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. बाहेरून फक्त दादा आणि पिंकी येतील, तेही नऊला शटर पडल्यावर. आधी लागलंच तर काउंटरवर फोन करा रे, आज काकू तशाच निघून गेल्या, मला फार वाईट वाटलं.