खड्डा आणि खाज

"मांडीला इन्सुलिन घेते तिथं खड्डा पडलाय. अ‍ॅलर्जी आहे का? बंद करू का?"

बंद मात्र करू नका. मला टाइप १ मधुमेह आहे, आणि इन्सुलिन चुकलं तर काय होतं ते मी भोगलंय.

शाळेत असल्यापासून मी उजव्या मांडीवर एकाच जागी टोचायचे, कारण तिथं दुखायचं नाही. एकदा आंघोळीत साबण लावताना बोट आत गेलं. रुपयाएवढा खळगा. कातडी धड, लाली नाही, खाज नाही. खालची चरबीच गेलेली. शरीर इन्सुलिनला परकं समजून त्या जागी चिडतं आणि तिथली चरबी जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाई-डुकरांपासून काढलेलं, कमी शुद्ध इन्सुलिन होतं तेव्हा हे बरंच दिसायचं, आता क्वचित. उलट, रबरासारखी मऊ गाठ कितीतरी जणांना असते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. एकाच जागी टोचून टोचून चरबी वाढते. खड्डा असो की गाठ, तिथून इन्सुलिन कधी किती रक्तात जाईल याचा भरवसा नसतो.

अ‍ॅलर्जीची पहिली खूण खाज. टोचल्यावर थोड्याच वेळात डास चावल्यासारखी लाल गांध उठते, किंवा काही तासांनी तिथं कडक, खाजरी गाठ येते. नव्यानं सुरू केलेल्यांना होतं आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप थांबतं. आधी साध्या गोष्टी बघा: स्पिरिट वाळायच्या आत टोचता का, फ्रिजमधून काढून थेट थंडगार घेता का, तीच सुई कितव्यांदा वापरताय. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी दोष इन्सुलिनचा नसतोच. त्यात मिसळलेल्या मेटाक्रेसॉलचा, झिंकचा नाहीतर प्रोटामिनचा असतो, आणि प्रकार बदलला की भागतं. अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, दम लागला तर मात्र लगेच १०८.

माझं इन्सुलिन डॉक्टरांनी बदललं. खड्ड्यात टोचणं बंद. पोटाचे चार भाग केले, आठवड्याला एक. बेंबीजवळची दोन बोटं जागा सोडायची आणि दोन टोच्यांत एक बोट अंतर. सुई चार मिलिमीटरची, दर वेळी नवी. ही खर्चाची बाब आहे, मान्य.

जागा बदलल्यावर डोस तोच ठेवला, ही माझी चूक. चौथ्या रात्री तीन वाजता घामानं भिजून उठले, साखर ५८. चांगल्या जागेतून इन्सुलिन पुरतं शोषलं जात होतं. तुम्ही जागा बदलाल तेव्हा डोस कमी करायचा का ते आधी विचारा, आणि पहिले काही दिवस साखर जास्त वेळा तपासा, रात्रीसुद्धा.

दीड वर्ष झालं. खळगा उथळ झालाय, पण साबण लावताना अजून हाताला लागतो.