कायमचे आलात का?

“कायमचे आलात का?” परदेशातून परतल्यावर बँकेच्या सीताबर्डी शाखेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म उलटत विचारलं. आई शेजारीच बसली होती. मी “हो” म्हणालो, तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्या एका ‘हो’नं बरंच बदलतं. आयकरवाले तुम्ही भारतात किती दिवस राहिलात ते मोजतात. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात मात्र इथंच राहायच्या इराद्यानं परतलात की तुम्ही निवासी. मग परदेशात असताना इथली कमाई ठेवायचं एनआरओ खातं साधं निवासी खातं होतं. परदेशातली कमाई ठेवलेल्या एनआरई खात्यातले पैसे साध्या खात्यात घ्यायचे, नाहीतर आरएफसी खात्यात परकीय चलनातच ठेवायचे. पोरीला पुढं बाहेर शिकायचं असेल तर मला दुसरी वाट बरी वाटते.

आणि एनआरई ठेवीचं व्याज तेव्हापासून करपात्र. ४० लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला साधारण २३,३०० येतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि सेस जाऊन उरतात जेमतेम १६,०००. किराणा, वीजबिल, आईची औषधं या १६,००० वरच मांडायची.

परत आलेल्यांपैकी कुणी आरएफसी उघडलंय का? कसा अनुभव आला?