बाराचा प्रश्न, चोवीस मिनिटं: पर्यावरणशास्त्राचा पेपर मी कसा सोडवला

आमचा पर्यावरणशास्त्राचा पेपर ऐंशी मार्कांचा, वेळ तीन तास. पहिला प्रश्न आठ मार्कांचा, सक्तीचा: गाळलेल्या जागा, योग्य पर्याय, एका वाक्यात उत्तरं. पुढचे सहा प्रश्न बारा-बारा मार्कांचे आणि प्रत्येकात 'किंवा'. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून तालुक्याच्या सेंटरला एसटीनं जायचं. वेळेचा हिशोब मी घरूनच करून गेले होते, कारण हॉलमध्ये बसल्यावर हिशोब सुचत नाही.

पेपर वाचून पर्याय ठरवायला दहा मिनिटं आणि शेवटी तपासायला दहा. उरली १६०. म्हणजे एका मार्काला दोन मिनिटं, बाराच्या प्रश्नाला चोवीस, पहिल्या प्रश्नाला सोळा. हे एवढंच पाठ ठेवलं. पहिला प्रश्न सोळाच्या आधीच संपतो, ती वाचलेली मिनिटं मी आकृतीसाठी राखून ठेवली. पर्यवेक्षकांची अर्ध्या तासाची घंटा झाली की आपण कुठं आहोत ते कळतं: दुसऱ्या घंटेला दुसरा प्रश्न संपून तिसरा अर्ध्याच्या जवळ आलेला पाहिजे.

खरी कसोटी 'किंवा'ची. एका प्रश्नात नायट्रोजन चक्र आकृतीसह होतं, किंवा तीन टिपा: ऊर्जेचा प्रवाह, अन्नजाळं आणि परिसंस्थेतलं स्तरीकरण. टिपा सोप्या दिसतात आणि वर्गातल्या बहुतेक पोरी तिकडंच वळतात. मी पेन्सिलीनं बाजूला अंदाजे मार्क मांडले. पहिल्या दोन टिपा मला येत होत्या, चारातले तीन-तीन धरले. स्तरीकरणावर दोन ओळींपलीकडं काही सुचत नव्हतं, तिथं जेमतेम एक. झाले सात. नायट्रोजन चक्राचे टप्पे मात्र सगळे माहीत होते, म्हणजे आठ-नऊ कुठं गेले नाहीत. शिवाय टिपांना दोन वेगळ्या आकृत्या लागल्या असत्या, इथं एकच. चक्र अर्धंच येत असतं तर मीही टिपाच घेतल्या असत्या.

आकृती आधी काढायची, उत्तर नंतर लिहायचं, हे आमच्या मॅडमनी शिकवलं होतं. मी झाड, गाय, ढग काढत बसले नाही. नुसते चौकोन. वर एक लांब चौकोन, 'हवेतील नायट्रोजन (N₂), ७८%'. मधे जमिनीची आडवी रेघ. रेघेखाली डावीकडून उजवीकडं तीन चौकोन: अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट. रेघेवर वनस्पती आणि प्राणी, खाली कोपऱ्यात मृत अवशेष. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात.

मग बाण. हवेतून अमोनियमकडं, त्यावर 'रायझोबियम, मुळांवरील गाठी'. अमोनियम ते नायट्राइट 'नायट्रोसोमोनास', नायट्राइट ते नायट्रेट 'नायट्रोबॅक्टर'. नायट्रेटवरून वनस्पती, तिथून प्राणी, दोघांकडून मृत अवशेष, अवशेषांतून परत अमोनियम. शेवटचा बाण नायट्रेटवरून सरळ वर हवेत, त्यावर 'विनायट्रीकरण, स्यूडोमोनास'. नावं सगळी आडवी, बाणाला लागून, पेनानं, रेघा पेन्सिलीनं. नावं तिरपी लिहिली की एकमेकांवर चढतात आणि तपासणाऱ्याला वाचता येत नाहीत.

"बाणावर बोट फिरव बाळा, हवेतून निघालीस तर हवेतच परत आली पाहिजेस," असं मॅडम सांगायच्या. बोट कुठं अडलं तर तिथला बाण राहिला असं समजायचं. सगळ्यात जास्त राहतो तो विनायट्रीकरणाचा किंवा त्याचं टोक उलटं होतं. हे तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही.

पाच मिनिटांत आकृती झाली की उत्तराचा आराखडा समोरच असतो. स्थिरीकरण, नायट्रीकरण, वापर व अमोनीकरण, विनायट्रीकरण, अशा चार परिच्छेदांना चार-चार मिनिटं. स्थिरीकरणात मी आमच्या वावरातल्या तुरीचं उदाहरण दिलं: मुळावरची गाठ कापली की आतून गुलाबी दिसते, ती जिवंत आणि कामाची. विनायट्रीकरणात काळ्या जमिनीत पाणी साचण्याचं: मातीतला ऑक्सिजन कमी झाला की हे जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात आणि टाकलेल्या युरियाचा काही भाग असाच जातो. अशी उदाहरणं मी दोन ओळींत संपवते, त्यानं वेळ जात नाही आणि टप्पा समजलाय हे दिसतं.

चोवीस मिनिटं झाली की उत्तर अर्धं असलं तरी खाली चार ओळी कोऱ्या ठेवून मी पुढं जाते. शेवटचा प्रश्न उरला आणि दहाच मिनिटं हातात असली, तर त्याची नामनिर्देशित आकृती पूर्ण काढायची आणि प्रत्येक बाणाचं एकेक वाक्य लिहायचं. परिच्छेद मांडत बसलं तर पहिला टप्पाही धड होत नाही.