रांगेत थांबलेल्या शेतकऱ्याला काय ऐकवावे : माझा अनुभव

लातूरमधील पीक विम्याच्या एका मदतकेंद्रात मी काम करत असताना फोनच्या रांगेत थांबलेल्यांना स्वागताच्या वाक्यानंतर ऐकू येणारी सूचना नव्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले होते. सूचना लिहून झाली, आवाजही मिळाला. पण तो मजकूर वरच्या कार्यालयातून मंजूर करून घेताना जो त्रास झाला, तो आजही मनातून गेलेला नाही. सोयाबीन काढणीला आलेले असताना परतीचा पाऊस झाला की औसा, निलंगा, अहमदपूर भागातून एकाच वेळी फोन सुरू होत. त्या वेळच्या नियमानुसार नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असल्यामुळे रांगेतला प्रत्येक मिनिट त्या शेतकऱ्याच्या मुदतीतून जात होता.

जुनी सूचना पाऊण मिनिटाची होती. आधी कॉल महत्त्वाचा असल्याचे आश्वासन, मग सर्व प्रतिनिधी व्यस्त असल्याची माहिती, मग योजनेची जाहिरात आणि शेवटी ‘लवकरच आपल्याशी संपर्क साधला जाईल’ असा तिचा क्रम होता, आणि दर काही सेकंदांच्या संगीतानंतर ती पुन्हा लागत असे. आमची प्रणाली अ‍ॅस्टरिस्क या फोनची रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत असल्यामुळे फोन मध्येच ठेवणाऱ्यांची नोंद रांगेच्या लॉगमध्ये `ABANDON` या नावाने होत असे आणि तिथे त्या माणसाचा रांगेतला क्रमांक व थांबल्याचे सेकंद दिसत. ते सेकंद सूचनेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्यावर लक्षात आले, की लोक संगीत चालू असताना फारसे सोडून जात नव्हते. सूचना दुसऱ्यांदा सुरू झाली की जात होते. कारण ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येत होते. संगीत थांबून माणसाचा आवाज आला की शेतकरी घाईने ‘हॅलो, साहेब, मी निलंग्याहून बोलतोय’ असे म्हणत, काही जण गट नंबरही सांगू लागत, आणि समोरून तेच वाक्य पुन्हा आले की फोन ठेवत. फोन ठेवून पुन्हा लावणारा माणूस रांगेच्या शेवटी जातो, हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते.

म्हणून मी पहिले वाक्य ‘ही नोंदवलेली सूचना आहे’ असे घेतले. पुढचा मजकूर असा होता : ‘आपला फोन रांगेत आहे. तो बंद केल्यास आपला क्रमांक जाईल. या कॉलला पैसे लागत नाहीत. अर्जाचा क्रमांक, गट नंबर, पिकाचे नाव आणि नुकसान झाल्याची तारीख जवळ ठेवा.’ पैशांचे वाक्य मला फार आवश्यक वाटत होते, कारण टोल-फ्री म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस रिचार्ज संपेल या भीतीने फोन ठेवतो. कागद जवळ ठेवण्याच्या वाक्याचा फायदा आमच्या टेबलावर दिसला. अर्जाची पावती शोधण्यासाठी शेतकरी घरात जाई तेव्हा फोन चालूच राही आणि मागची सगळी रांग त्या काळात थांबून राही.

हा मजकूर वर पाठवला आणि तो अडकला. कार्यालयाने पहिल्या वाक्याच्या जागी महत्त्वाच्या कॉलचे आश्वासन परत घातले, जाहिरात परत घातली आणि ‘कृपया संयम बाळगावा’ अशी भर घातली. दुसऱ्या वेळी मी थांबण्याचा अंदाजित काळही सांगावा असे सुचवले, तेव्हा आक्षेप होता, की तो काळ सांगितला तर लोक घाबरून फोन ठेवतील. मी आठवण करून दिली की उत्तर येई, ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे.’ बाहेर शेंगांना कोंब फुटत होते आणि इथे संयमाच्या वाक्यावर चर्चा चालली होती, याचा मला मनापासून संताप आला.

काळ सांगण्याबद्दलचा आक्षेप मात्र मी नीट तपासला. प्रणालीत अंदाजित वेळ आपोआप सांगण्याची सोय होती, पण ती आधीच्या कॉलना थांबाव्या लागलेल्या वेळेच्या सरासरीवर चालते. त्यामुळे गर्दी नुकतीच सुरू झाली असताना ती फार कमी वेळ सांगते आणि शेतकरी फसवला जातो. आम्ही हिशेब हाताने केला. रांगेत २४ माणसे, फोनवर ६ कर्मचारी आणि एका बोलण्याला सुमारे ४ मिनिटे, म्हणजे दर ४० सेकंदांना एक जण मोकळा होतो आणि शेवटच्या माणसाची पाळी साधारण १६ मिनिटांनी येते. जेवणाच्या वेळी ४ कर्मचारी उरले तर तोच आकडा २४ मिनिटांवर जातो. म्हणून ‘पंधरा ते पंचवीस मिनिटे लागू शकतात’ असे वाक्य नोंदवून ठेवले आणि पाळीप्रमुखाने रांग पाहून योग्य फाईल लावावी असे ठरवले. हे वाक्य रांगेत शिरतानाच एकदा ऐकवायचे असते. ते पुन्हा पुन्हा लागणाऱ्या सूचनेत घातले, तर दहा मिनिटे थांबलेल्या माणसालाही तोच आकडा ऐकू येतो.

शेवटी मी प्रत्येक वाक्यासमोर त्याला लागणारे सेकंद लिहिले आणि ते ऐकून शेतकऱ्याने काय करायचे, असा दुसरा रकाना केला. आश्वासन, जाहिरात आणि संयम या तिन्हींसमोर तो रकाना कोरा राहिला. तो कागद पाठवल्यावर मान्यता आली. थांबणे शक्य नसल्यास पूर्वसूचना क्रॉप इन्शुरन्स अ‍ॅपवरून, बँकेत किंवा कृषी विभागाच्या कार्यालयात देता येते, हे वाक्य सांगायलाही विरोध होता. ते पहिल्या सूचनेत नको, पुढच्या सूचनेत चालेल, एवढ्यावर तडजोड झाली. माझ्या मते ते पहिल्याच सूचनेत हवे होते, कारण ज्याची मुदत संध्याकाळी संपते त्याला दीड मिनिट उशिरा कळण्यात काही अर्थ नाही.

प्रणालीतील बदल किरकोळ होते. अंदाजित वेळ आणि रांगेतला क्रमांक आपोआप सांगणे बंद केले आणि सूचना दर ९० सेकंदांनी लागेल असे केले :

```
announce-holdtime = no
announce-position = no
periodic-announce-frequency = 90
announce-to-first-user = no
```

शेवटची ओळ विसरू नये. रांगेत पहिल्या असलेल्या माणसाला सूचना ऐकवत बसलो, तर कर्मचारी मोकळा झाला तरी सूचना संपेपर्यंत जोडणी होत नाही.

आवाजाबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. साध्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचतो, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धार जाते. संगणकाच्या हेडफोनवर सुरेख वाटलेली सूचना शेतात, वाऱ्यात, जुन्या मोबाईलवर ऐकून पाहावी. ‘बहात्तर तास’ ही अक्षरे आमच्या चाचणीत अनेकांना नीट कळली नाहीत, म्हणून त्याला जोडून ‘म्हणजे नुकसान झाल्यापासून तीन दिवस’ असे म्हटले.

पावसाच्या काळापुरत्या सूचनेच्या फाईलच्या नावातच ती काढून टाकण्याची तारीख घालावी आणि त्या तारखेची आठवण पाळीप्रमुखाच्या वहीत लिहून ठेवावी. एरवी हरभऱ्याबद्दल विचारायला फोन करणाऱ्यालाही सोयाबीनच्या नुकसानीचीच सूचना ऐकू येत राहते.